दुकानातून राजीनामा देतोय, पत्राचा मजकूर जरा बघाल का?

गल्ला_आणि_चावी

मंडळी, तयार कपड्यांच्या दुकानात एका शाखेचा मॅनेजर आहे. मालक दोघे भाऊ, शाखा तीन. सोडायचं की नाही हा सल्ला नकोय, ते ठरलंय. पत्राचा मजकूर तेवढा तपासून हवाय.

थोडक्यात झालं काय ते सांगतो. जूनमध्ये ठरलं की माझ्या हाताखाली सहायक मॅनेजर देणार, म्हणजे मला आठवड्याची सुट्टी नीट मिळेल. सप्टेंबरमध्ये विचारलं तर "सीझन संपू दे". जानेवारीत विचारलं तर "हिशेब पूर्ण झाले की लगेच". तिन्ही शाखांची खरेदी पगारवाढीसकट माझ्याकडे येणार होती, तेही असंच पुढे पुढे ढकललं गेलं. तिसरी गोष्ट इन्सेंटिव्हची. ऑक्टोबर ते डिसेंबरचं टार्गेट आमच्या शाखेने पूर्ण केलं, रक्कम अजून आलेली नाही.

भांडण नाहीये. माणसं वाईट नाहीत. पण आता पुरे. खालचं लिहिलंय, कडू वाटतंय का सांगा.

> महोदय,
> अत्यंत जड अंतःकरणाने व नाइलाजाने हे पत्र लिहीत आहे. हे दुकान मी कायम स्वतःचं मानलं. सुट्ट्या न घेता, घरच्या कार्यांना न जाता काम केलं. परंतु वारंवार दिलेली आश्वासनं प्रत्येक वेळी मोडली गेली. माझ्या प्रामाणिकपणाची हीच किंमत का, असा प्रश्न मला पडला आहे. इन्सेंटिव्हची रक्कमही अद्याप मिळालेली नाही. परिस्थितीत बदल होत नसल्याने पुढे काम करणं मला शक्य होणार नाही. तरी माझा राजीनामा स्वीकारून मला लवकरात लवकर कार्यमुक्त करावं ही नम्र विनंती.

झुळूक

मला तर वाचून भरून आलं. एक अक्षरही बदलू नका. कळू दे त्यांना.

सरळमार्गी

एक अक्षरही ठेवू नका असं मी म्हणेन. राजीनाम्यात कारण कधीच लिहायचं नसतं. "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे", खाली सही, विषय संपला. आणि नोटीस पीरियडचं काय घेऊन बसलात? त्यांनी शब्द पाळला नाही, मग तुम्ही का पाळायचा? उद्या चाव्या टेबलावर ठेवा आणि निघा.

पानगळ

इतकं करण्यापेक्षा दुसरीकडची ऑफर दाखवा ना. पगार लगेच वाढवतील. माझ्या दिरांनी तसंच केलं होतं.

गल्ला_आणि_चावी

पानगळ, पगार वाढवून घ्यायचा नाहीये हो, जायचंय.

जुनी_वही

बरीच वर्षं दुकानांच्या एका साखळीत शाखांचं कामकाज बघत होतो. मॅनेजर लोकांचे राजीनामे माझ्याच टेबलावर यायचे, त्यामुळे वाचणारा कुठे अडतो ते ठाऊक आहे.

आधी सरळमार्गींबद्दल. कारण आटोपशीर ठेवा हे त्यांचं बरोबर. चाव्या टेबलावर ठेवून निघा हे मात्र अजिबात ऐकू नका. सहायक देऊ, खरेदी देऊ ही तोंडी आश्वासनं आहेत. ती पाळली नाहीत म्हणून तुमच्या सहीच्या नियुक्तीपत्रातली मुदत आपोआप रद्द होत नाही. पगारच थकला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वकिलाला विचारायचं. तुमचं तसं दिसत नाही. शिवाय तुम्ही दुकानाचे मॅनेजर. गल्ला, माल, चाव्या सगळं तुमच्या ताब्यात. न सांगता गेलात तर पुढे सहा महिन्यांनी माल कमी भरला तरी बोट तुमच्याकडे.

आता पत्र. तुम्ही विचारलंत कडू वाटतंय का. वाटतंय, पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. ते पक्कं नाही. "परिस्थितीत बदल होत नसल्याने" हे वाचून मालक काय करतील? परिस्थिती बदलतो म्हणतील. "नाइलाजाने" वाचून विचारतील, कसला नाइलाज, सांग, आपण मार्ग काढू. म्हणजे ज्या आश्वासनांना कंटाळून तुम्ही निघालात, तसंच आणखी एक आश्वासन द्यायची जागा तुम्ही स्वतः पत्रात ठेवलीय. त्यात तारीख नाही. "लवकरात लवकर" म्हणजे कधी, हे तुम्ही त्यांच्यावर सोडलंत.

कडवटपणा कुठे आहे ते शोधायची माझी एक साधी पद्धत आहे. प्रत्येक वाक्यापाशी थांबायचं आणि विचारायचं, हे खरं की खोटं ते तिसरा माणूस कागद बघून सांगू शकेल का? "सप्टेंबरमध्ये सहायकाबद्दल बोलणं झालं" हे तपासता येतं. "वारंवार", "प्रत्येक वेळी", "कायम" ही तुमची भावना झाली. ती खरीच असेल, पण मालक तिच्यावरच वाद घालतील. प्रत्येक वेळी कुठे, मागच्या वर्षी नाही का दिलं म्हणून एखादं उदाहरण काढतील आणि बोलणं तिथेच अडकेल. "हीच किंमत का" हा तर सरळ टोमणा. घरच्या कार्यांना गेला नाहीत हे वाचून मला वाईट वाटलं, पण त्यांनी सांगितलं होतं का जाऊ नका? नसेल तर ते पत्रात नको.

चाफा_आणि_चहा

जुनी_वही यांना अनुमोदन. माझा अनुभव सांगते, दुकानाचा नाही, ग्रंथालयाचा. तीन पानी राजीनामा दिला होता, एकूण एक गोष्ट लिहून. खरं होतं सगळं. समितीने तो बैठकीत मोठ्याने वाचला, दोघं हसली म्हणे. मूळ मुद्दा काय होता ते कुणालाच आठवलं नाही, "बाई फार चिडल्या होत्या" एवढंच राहिलं. नंतर एका ठिकाणी अर्ज केला तर तिथल्यांनी आधीच्यांना फोन केला, त्यात पत्राचा उल्लेख झाला. नोकरी मिळाली, पण मुलाखतीत तेवढं एक स्पष्टीकरण द्यावं लागलं.

झुळूक

म्हणजे मनातलं बोलायचंच नाही का कधी? आयुष्यभर गिळायचं?

चाफा_आणि_चहा

बोला की. समोर बसून बोला. कागद फाइलमध्ये राहतो आणि वाचणारे बदलतात, एवढंच म्हणतेय.

गल्ला_आणि_चावी

पटतंय. पण नुसतं "वैयक्तिक कारण" मला लिहायचं नाही. ते खोटं आहे. ही कारणं घरची नाहीत, दुकानातली आहेत. आणि मी कारण लिहिलं नाही तर बाकीच्या दोन शाखांत काय पसरेल तेही माहीत आहे, "दुसरीकडे जास्त पैसे मिळाले म्हणून गेला".

जुनी_वही

मग लिहा. पण आधी एक गोष्ट वेगळी काढू. तुम्ही तीन गोष्टी एका माळेत ओवल्यात, त्या एका जातीच्या नाहीत. सहायक आणि खरेदी ही आश्वासनं. ती पूर्ण झाली नाहीत याचं दुःख आहे, पण जाताना ती मागून मिळणार नाहीत आणि तुम्हाला ती आता नकोही आहेत. इन्सेंटिव्ह मात्र तसं नाही. काम झालंय, टार्गेट पूर्ण झालंय, तिमाही संपलीय. ते तुमचं येणं आहे. तुमच्या मसुद्यात ते आश्वासनांच्या गर्दीत "रक्कमही" म्हणून आलंय, त्यामुळे तीही एक तक्रारच वाटते. उद्या मालक म्हणतील, जे झालं ते झालं, आता हसतमुखाने जा. त्यात तुमचे पैसेही वाहून जायचे.

म्हणून दोन कागद करा. राजीनाम्यात आश्वासनांबद्दल एक वाक्य, फार तर दोन. येण्याचं पत्र वेगळं. इन्सेंटिव्ह कशावर ठरलं होतं? लेखी आहे का?

गल्ला_आणि_चावी

हो, धाकट्या मालकांचा ई-मेल आहे. तिमाहीच्या विक्रीवर टक्केवारी, परत आलेला माल वजा करून. त्याच मेलमध्ये तिन्ही शाखांची टार्गेटं आहेत.

जुनी_वही

उत्तम. मग त्या पत्रात एवढंच: अमुक तारखेच्या मेलप्रमाणे ऑक्टोबर ते डिसेंबरची निव्वळ विक्री इतकी, टक्केवारी इतकी, रक्कम इतकी. सोबत मेलची प्रत आणि बिलिंगमधून काढलेला तिमाहीचा रिपोर्ट. रिपोर्ट आत्ताच काढा. शेवटच्या दिवशी लॉगिन बंद झालं की तो मिळणार नाही. आणि परत आलेला माल तुम्हीच वजा करून दाखवा, त्यांना वजा करायला ठेवू नका. तो आकडा तुमच्या हातून कमी झालेला दिसला की बाकीच्या आकड्यांवर कुणी शंका घेत नाही. त्या कागदावर जूनचं बोलणं, सुट्ट्या, काहीही नको. ते एक बिल आहे असं समजा.

एक शंका आधीच सांगून ठेवतो. काही ठिकाणी अट असते की रक्कम देण्याच्या दिवशी माणूस नोकरीत हवा. तुमच्या मेलमध्ये किंवा नियुक्तीपत्रात तसं काही असेल तर राजीनामा देण्याआधी हे पत्र द्या, नंतर नको.

गल्ला_आणि_चावी

आत्ताच पाहिलं. तशी अट मेलमध्ये नाही, नियुक्तीपत्रातही नाही. तरी येण्याचं पत्र आधी देतो आणि राजीनामा चार दिवसांनी. दुसरा मसुदा केलाय. राजीनामा ५ फेब्रुवारीला हातात देणार आहे, मुदत एक महिना.

> विषय: शाखा मॅनेजर पदाचा राजीनामा
>
> मी या शाखेच्या मॅनेजर पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्रातील एक महिन्याच्या मुदतीनुसार ५ मार्च हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल.
>
> सहायक मॅनेजरची नेमणूक आणि खरेदीची जबाबदारी याबद्दल आपलं जून, सप्टेंबर आणि जानेवारीत बोलणं झालं होतं. ठरलेल्या वेळी या दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत. त्यामुळे मी हा निर्णय घेतला असून तो पक्का आहे.
>
> ५ मार्चपर्यंत शाखेचं रोजचं काम नेहमीप्रमाणे चालेल. माल, रोकड, चाव्या आणि व्यापाऱ्यांचे हिशेब आपण नेमाल त्या व्यक्तीच्या ताब्यात देईन. ती व्यक्ती २० फेब्रुवारीपर्यंत ठरली तर सोबत काम करून सगळं दाखवता येईल.
>
> आपण दिलेल्या संधीबद्दल मी सदैव ऋणी राहीन.

सरळमार्गी

बरंच बरं झालं. ते मधलं कलम अजूनही काढावं असं माझं मत आहे. कारण दिलं की वाद आलाच.

जुनी_वही

यावर आपलं एकमत होणार नाही, आणि खरं तर दोन्ही चालतं. मालक चिडके असतील तर मीही काढायला सांगेन. पण हे म्हणतात माणसं वाईट नाहीत. अशा माणसांना आपण कशामुळे मॅनेजर घालवला हे लेखी कळलेलं बरं असतं, कधी कधी पुढच्याला सहायक मिळतो. शिवाय त्या कलमात टोचणारं विशेषण एकही नाही. "झाल्या नाहीत" असं आहे, "केल्या नाहीत" असं नाही. मला ते पुरेसं वाटतं.

शेवटचं वाक्य मात्र बदला. "सदैव ऋणी" हे मधल्या कलमाखाली आलं की उपरोधिक वाटतं. आभार मानायचे तर खऱ्या गोष्टीचे, नाव घेऊन माना. त्यांच्याकडून एखादी गोष्ट शिकलात का?

गल्ला_आणि_चावी

शिकलो. मी आलो तेव्हा मला कापडातलं काही कळत नव्हतं. थोरल्या मालकांनी पहिल्या खरेदीला शेजारी बसवून घेतलं होतं. शिवण उलटी करून बघायची, कापड मुठीत दाबून सोडायचं, मग दर विचारायचा. आजही मी तसंच करतो.

जुनी_वही

झालं तर मग. हेच लिहा. "मालाची पारख मी थोरल्या मालकांकडे शिकलो, त्याबद्दल त्यांचे आभार." इतकंच.

पानगळ

आणि "राजीनामा स्वीकारावा ही नम्र विनंती" हे का काढलं? ते तर असतंच ना प्रत्येक अर्जात. उर्मटपणा नको वाटायला.

सरळमार्गी

विनंती कशाला? रजेचा अर्ज आहे का हा? मंजूर करा म्हणायचं आणि त्यांनी नाही केला तर?

पानगळ

माझ्या सासऱ्यांनी बँकेतून निवृत्त होईपर्यंत असेच अर्ज लिहिले, कुणी अडवलं नाही त्यांना.

चाफा_आणि_चहा

मधला मार्ग: राजीनामा देतोय हे सरळ सांगायचं, विनंती फक्त शेवटचा हिशेब आणि अनुभवपत्राबद्दल करायची. ते खरंच त्यांनी द्यायचं असतं, तिथे विनंती शोभते.

गल्ला_आणि_चावी

हे आवडलं, घेतो. आता एक भीती. पत्र दिलं की थोरले मालक आत बोलावतील आणि म्हणतील, "बस, पुढच्या महिन्यात सहायक नक्की." दरवेळी मी तिथेच विरघळतो.

जुनी_वही

एक वाक्य ठरवून जा आणि तेच बोला. "तुम्ही म्हणताय त्याचा मान आहे, पण मी पत्रात लिहिलंय ते ठरलेलं आहे. ताबा कुणाकडे द्यायचा तेवढं सांगा." मागच्या गोष्टी तिथे उकरू नका. उकरल्या की ते त्यांची बाजू सांगतील, ऐकता ऐकता तासभर जाईल आणि तुम्ही "विचार करतो" म्हणून बाहेर पडाल. आणि पत्राची दुसरी प्रत खिशात ठेवा. तिच्यावर "मिळाले", तारीख आणि सही घ्या. महिना ते पत्र मिळाल्यापासून मोजतील, तुम्ही लिहिल्यापासून नाही. सही द्यायला का-कू केली तर तेच पत्र त्याच दिवशी ई-मेल करा.

झुळूक

पण समजा त्यांनी त्याच दिवशी सहायकाचं नेमणूकपत्र सही करून समोर ठेवलं तर? तेव्हाही जायचं का? माणसं चांगली आहेत म्हणता ना.

जुनी_वही

ते गल्ला_आणि_चावी यांनीच ठरवावं. राहिलेली माणसं मी पाहिलीत. काहींचं चांगलं झालं, काही वर्षाच्या आत पुन्हा माझ्या टेबलावर होती.

गल्ला_आणि_चावी

झुळूक, सहायकाचं पत्र आलं तर आनंदच आहे, पुढच्या मॅनेजरला उपयोगी पडेल. मी थांबणार नाही.

आणखी एक. मालाची मोजणी कशी करायची? मागच्या वेळी आठ नग कमी होते आणि तो आकडा अजून तसाच पुढे चाललाय.

जुनी_वही

याच्यासाठीच नोटीस पाळायची असते. शेवटच्या आठवड्यात, दुकान बंद झाल्यावर, नव्या माणसाबरोबर किंवा मालकांच्या माणसाबरोबर पूर्ण मोजणी करा. मोजणी चालू असताना विक्री नको, नाहीतर आकडे कधीच जुळत नाहीत. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या.

समजा कॉम्प्युटरच्या आकड्यापेक्षा २२ नग कमी आले. लगेच २२ चा तुटवडा असं लिहून देऊ नका. आधी शिलाईवाल्याकडे आल्टरेशनला गेलेले बघा. ते दुकानात नसतात पण साठ्यात दिसतात. त्याच्या पावत्यांवरून नऊ निघाले असं धरू. राहिले १३. त्यातले आठ मागच्या मोजणीचे, त्या कागदाची प्रत जोडा. म्हणजे तुमच्या काळातला नवा फरक पाच. एवढ्या मोठ्या शाखेत पाच नगांवरून कुणी भांडत नाही, पण २२ लिहून सही केलीत तर ते तुमच्या शेवटच्या हिशेबातून कापले जाऊ शकतात. उलटही होतं बरं का. व्यापाऱ्याला परत पाठवायचा म्हणून कॉम्प्युटरमधून काढलेला खराब माल गोदामात तसाच पडून असतो. तो मोजणीत आला की आकडा जास्त दिसतो आणि खरा तुटवडा झाकला जातो. तो वेगळ्या पानावर घ्या.

गल्ल्याचं सोपं आहे. सुट्ट्या पैशांची ठेवलेली रक्कम, किरकोळ खर्चाच्या पावत्या आणि शेवटच्या दिवसाची बँकेत भरल्याची पावती. आणि ग्राहकांना दिलेल्या क्रेडिट नोटांची यादी काढा. ती विसरतात लोक. मग नवीन मॅनेजर म्हणतो ही नोट मला माहीत नाही, आणि ग्राहक तुमचं नाव घेतो.

सरळमार्गी

स्टाफला कधी सांगणार? आधी त्यांना विश्वासात घ्या, नाहीतर दुखावतील.

चाफा_आणि_चहा

आधी मालकांना. स्टाफकडून मालकांना कळलं तर पत्र कितीही शांत असो, ते कट केल्यासारखं दिसेल.

गल्ला_आणि_चावी

स्टाफमधल्या एकीला अंदाज आलाय. तिने सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही, एवढं मी ठरवलंय. बाकी बघू.

ढकलगाडी

सगळं वाचलं. मी एका दुकानाचं बिलिंग आणि ऑनलाइन बघतो, म्हणून एकच विचारतो. बिलिंगच्या अॅपचा ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो?

गल्ला_आणि_चावी

माझ्या. दुकानाच्या नकाशावरच्या नोंदीला पण माझाच ई-मेल आहे, आणि व्यापाऱ्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुपही माझ्याच नंबरवर.

ढकलगाडी

वाटलंच. मग हे शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आधी मालकांचा नंबर आणि दुकानाचा वेगळा ई-मेल त्यात घाला, त्यांना त्यांच्या फोनवरून एकदा लॉगिन करायला लावा, एक बिल काढून बघू दे. मगच तुमचा नंबर काढा. नकाशावरच्या नोंदीत आधी त्यांना मालक म्हणून जोडा, मग स्वतःला काढा. तसं केलं नाहीत तर नोंद त्यांच्या ताब्यात येत नाही आणि ती मिळवायला त्यांना खटपट करावी लागेल. ग्रुपचं अॅडमिनपद द्या, व्यापाऱ्यांना नव्या माणसाचा नंबर कळवा आणि मगच बाहेर पडा. काय काय दिलं ते हँडओव्हरच्या यादीत लिहून सही घ्या. पासवर्ड मात्र त्या यादीत लिहू नका, ते त्यांना स्वतःच बदलायला सांगा.

गल्ला_आणि_चावी

हे डोक्यातच नव्हतं. यादीत घातलं. येण्याचं पत्र उद्या देतोय, रिपोर्ट काढून झालाय.